सरांच्या पस्तीस वह्या आणि एक मैदान: संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळेचे क्रीडाशिक्षक, ज्यांना गेल्या पस्तीस वर्षांत शाळेत शिकलेला प्रत्येक जण नुसते ‘सर’ म्हणतो, येत्या ३१ मे २०२५ रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त होत आहेत. एप्रिलअखेर झालेल्या निरोप समारंभात माजी खेळाडूंच्या वतीने बोलण्याचा मान मला मिळाला. त्या दिवशी बोलणारे पुष्कळ होते, त्यामुळे दहा मिनिटांत जेवढे बसले तेवढेच मी बोलले आणि लिहून आणलेली बरीचशी पाने तशीच हातात राहिली. ते सगळे भाषण आपल्यापुढे लेखी यावे, असे आम्हा माजी विद्यार्थ्यांना वाटले, म्हणून हे पत्र. सरांनी नेमके काय केले, हे मंडळाच्या दप्तरी कुठेतरी तपशिलाने राहावे, अशी आमची इच्छा आहे. शाळेच्या कपाटातील ढाली आणि चषक कोणालाही दिसतात, पण ते ज्या कामातून आले ते काम सकाळी पावणेसहाला, शाळा उघडण्याच्या कितीतरी आधी होत असे.

मी १९९८ च्या सतरा वर्षांखालील मुलींच्या खो-खो संघाची कर्णधार होते. त्यामुळे येथे जे लिहीत आहे त्यातले बरेचसे त्या काळाचे आहे. आमच्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांतील मुलामुलींनी आपापल्या आठवणी सांगितल्या, त्या पडताळून घेतल्या आहेत.

सुरुवात मैदानापासून करावी लागेल, कारण सरांनीही तिथूनच केली. जून १९९० मध्ये सर रुजू झाले तेव्हा शाळेच्या मागची जागा ओढ्याच्या बाजूला उतरत गेलेल्या काळ्या रानासारखी होती. काळी माती पिकाला चांगली असली तरी खो-खोला ती वैरीण आहे. उन्हाळ्यात तिला टाच अडकेल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती तळव्याला चिकटून पाय जड करते आणि वाळल्यावर तिची ढेकळे गुडघा फोडतात. आजच्या मापाने खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. एवढ्या जागेतील काळी माती अर्धा फूट उकरून तिथे भर घालायची म्हटली, तर साधारण तेवीस ब्रास मुरूम आणि माती लागते. शाळेकडे त्यासाठी पैसे नव्हते. सरांनी मैदानाचे तीन भाग केले आणि तीन उन्हाळ्यांत एकेक भाग पुरा केला. पालकांचे ट्रॅक्टर पेरणीच्या आधी मोकळे असत, ते मागून घेतले. खाली जाड मुरूम, त्यावर बारीक मुरूम आणि सगळ्यांत वर चाळणीतून काढलेली लाल माती, असा थर त्यांनी दिला आणि ओढ्याकडे हलकासा उतार ठेवला, म्हणजे पाणी साचू नये.

ते मैदान राखणे हे बांधण्यापेक्षा अवघड काम होते, आणि ते पस्तीस वर्षे चालले. आदल्या संध्याकाळी पाणी मारायचे, रात्रभर ते मुरू द्यायचे, सकाळी रोलर फिरवायचा आणि मग फक्कीने पाट्या आखायच्या. पाणी किती झाले हे सर माती अंगठ्याने दाबून ठरवत. अंगठ्याला माती लागली तर ओल जास्त आहे, म्हणून सराव अर्धा तास पुढे ढकलायचा. ठसा न उमटता धूळ उडाली तर पाणी कमी पडले आहे, म्हणून त्या दिवशी सूर मारायचा नाही. दर शनिवारी सराव संपल्यावर आम्ही सगळ्या जणी मैदानाच्या एका टोकाला ओळीने उकिडव्या बसायचो आणि तळहात जमिनीवरून फिरवत, खडे वेचत दुसऱ्या टोकापर्यंत जायचो. ओळीच्या मधोमध सर असायचे. वेचलेले खडे ते एका पत्र्याच्या डब्यात टाकायला लावत आणि डबा किती भरला ते वहीत लिहीत. पहिल्या काही वर्षांत डबा दर आठवड्याला भरत असे. माझ्या वेळी तळाशी मूठभर खडे पडायचे.

आता ज्या खेळासाठी हे सगळे चालले होते त्याबद्दल लिहिते, कारण सरांचे शिकवणे समजायला तो थोडा आतून पाहावा लागतो. दोन खांबांमध्ये २४ मीटर अंतर असते आणि त्यांच्यामधल्या पाटीवर आठ चौकांत आठ आक्रमक आळीपाळीने उलट-सुलट तोंडे करून बसतात. नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत गेल्याशिवाय बदलता येत नाही, आणि पळणारी मात्र बसलेल्यांच्या मधून हवी तशी पलीकडे जाऊ शकते. पळणारी पलीकडे गेली की पाठलाग करणारीने तिकडे तोंड करून बसलेल्या मुलीला मागून पाठीवर हात लावून ‘खो’ म्हणायचे आणि तिच्या जागी बसायचे. खो-खोतला वेग पायात असतो असे बघणाऱ्याला वाटते. सर म्हणत की तो या एका क्षणात असतो, खो केव्हा दिला त्यात.

खो लवकर दिला तर पळणारी जागच्या जागी थांबते आणि अलीकडेच राहते. उठलेली मुलगी रिकाम्या बाजूला उभी राहते आणि तिला पुन्हा दुसरीला खो द्यावा लागतो. उशिरा दिला तर पळणारी दोन चौक पुढे गेलेली असते. शिवाय उशीर करता करता बसलेल्या मुलीच्या चौकातून जाणारी आडवी पाटी ओलांडली गेली, तर तिला खो देणे नियमबाह्य होते, पंचांची शिट्टी वाजते आणि मागे यावे लागते. योग्य क्षण या दोन्हींच्या मध्ये, डोळ्याचे पाते लवते एवढाच असतो. तो ओळखण्यासाठी सरांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे पळणारीच्या कमरेकडे पाहायचे. खांदे खोटे बोलतात, मान खोटी बोलते, पायसुद्धा अर्धे पाऊल टाकून मागे घेता येते. कंबर मात्र ज्या बाजूला वळली त्या बाजूला शरीराला जावेच लागते. हे कळायला एक सकाळ पुरते, अंगात उतरायला दोन वर्षे लागतात. सर त्यासाठी वेगळा सराव घेत. पाठलाग करणारीने पळायचे नाही, फक्त चालायचे. पळणारीनेही चालायचे आणि हुलकावण्या द्यायच्या. ‘खो’ हा शब्द ओठांवर तयार ठेवायचा आणि कंबर वळेपर्यंत तो सोडायचा नाही. चालण्यात एकही चूक न होता शंभर खो झाले, की मगच पळायची परवानगी. माझ्या तुकडीला ती मिळायला ऑगस्ट उजाडला होता.

बसणे हेही शिकवावे लागते, हे बाहेरच्या कोणाला पटत नाही. चौक ३० सेंटिमीटरचा असतो. त्यात चवड्यांवर बसायचे, एक पाऊल किंचित पुढे ठेवायचे, हाताची बोटे जमिनीला टेकवायची आणि नजर पळणारीवर ठेवायची. खो मिळताच कोणता पाय आधी टाकायचा हे पळणारी कोणत्या बाजूला आहे त्यावर ठरते. पहिले पाऊल चुकले की दोन पावले भरून काढावी लागतात. सर बसलेल्या मुलीच्या मागे उभे राहून टाचेखाली कागदाचा कपटा सरकवत. टाच जमिनीला टेकली तर कपटा दाबला जाई आणि त्यांना कळे की वजन मागे पडले आहे. त्या कपट्याची भीती आम्हाला कोणत्याही छडीपेक्षा जास्त होती, आणि छडी सरांच्या हातात कोणी कधी पाहिली नाही.

सूर मारायला ते फार सावकाश शिकवत. आधी ओल्या, सैल केलेल्या मातीवर पालथे पडून हात लांब करायचे. नंतर गुडघ्यांवरून, मग उकिडवे बसून, मग चालता चालता आणि शेवटी पळता पळता. हनुवटी वर, छाती उचललेली, पोट आणि छाती मातीवर घसरली पाहिजे, गुडघा आणि कोपर आधी टेकता कामा नये. सराव संपला की सर आम्हाला ओळीने उभे करून आमचे सदरे पाहायचे. पोटापासून छातीपर्यंत सारखी लाल माती लागली असेल तर सूर बरोबर. सदरा स्वच्छ आणि गुडघा सोललेला असेल तर त्या मुलीने दुसऱ्या दिवशी पुन्हा उकिडव्यापासून सुरुवात करायची. कपडे धुताना आमच्या आया वैतागत, तेव्हा सरांनी एकदा पालकसभेत त्यांना हे सांगितले. त्यानंतर माझी आई सदरा भिजत घालण्याआधी उलगडून पाहू लागली आणि मला विचारू लागली, “आज माती छातीपर्यंत का नाही गं?”

मुलींना मैदानावर आणणे त्या काळी सोपे नव्हते. सर सायकलने घरोघरी गेले. त्यांनी वडीलधाऱ्यांशी वाद घातला नाही. सराव किती वाजता सुटेल, कोणत्या वाटेने कोण कोणाबरोबर परत येईल, स्पर्धेच्या गावी मुक्काम कुठे असेल आणि सोबत कोणत्या बाई असतील, हे सगळे कागदावर लिहून ते त्यांच्या हाती देत. आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी १९७१ मध्ये अचला देवरे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाल्याचे सांगितले. माझे आजोबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे सरकारदरबारी या खेळाची नोंद आहे तर.” त्यावर माझा प्रश्न मिटला.

याच ओघात एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या संघातील एक मुलगी सरावात तिसऱ्याच मिनिटाला धापा टाकू लागायची. ती कामचुकारपणा करते असे आम्हाला वाटे. सरांनी तिला उजेडात उभे करून डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग पांढुरका होता. त्यांनी तिच्या वडिलांना सोबत घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठले. रक्त तपासल्यावर ते फार कमी निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तीन महिने तिला पळू न देता सरांनी आपल्या शेजारी वही लिहायला बसवले. त्यानंतर दर जूनमध्ये सगळ्या मुलींच्या पापण्या पाहण्याचा शिरस्ता पडला. संशय आला की तपासणी करून घ्यायची, स्वतः औषध सांगायचे नाही, हे त्यांनी कधी मोडले नाही.

आता त्या वहीबद्दल. दर वर्षी दोनशे पानांची एक, अशा पस्तीस वह्या सरांकडे आहेत. सामना सुरू झाला की राखीव खेळाडूंपैकी एक जण सरांच्या शेजारी वही घेऊन बसे आणि सर बोलतील तसे टिपून घेई. चौकांना एक ते आठ क्रमांक. प्रत्येक खोला एक खूण: बरोबर असेल तर उभी रेघ, लवकर दिला तर गोल, उशिरा दिला तर फुली. गडी बाद झाला की कितव्या चौकाजवळ, कितव्या मिनिटाला आणि कसा, स्पर्शाने, सुराने की खांबावर, ते शेजारी. यापलीकडे काही नाही. शेरा नाही, शाबासकी नाही.

१९९८ च्या जिल्हास्तरीय अंतिम सामन्याची नोंद माझ्यासमोर आहे. डाव नऊ-नऊ मिनिटांचे होते. नाणेफेक हरल्यामुळे आम्हाला आधी संरक्षण करावे लागले. त्यांनी आमच्या सहा जणी टिपल्या, आम्ही त्यांच्या पाच. दुसऱ्या डावात त्यांनी पुन्हा पाच गडी बाद केले. म्हणजे त्यांचे अकरा गुण झाले आणि शेवटच्या आक्रमणात आम्हाला बरोबरीसाठी सहा, विजयासाठी सात हवे होते. पाच झाले. शेवटचे अर्धे मिनिट राहिले असताना त्यांची एक मुलगी माझ्या चौकासमोरून गेली. मागून मैत्रीण येत होती, तिचा हात पाठीवर पडण्याआधीच मी उठले आणि दोन पावलांत पळणारीला स्पर्श केला. शिट्टी वाजली. खो मिळण्याआधी उठणे हा नियमभंग होता, त्यामुळे गडी बाद धरला गेला नाही. मागे जाऊन खो नीट घेईपर्यंत वेळ संपली. अकरा-दहा. एका गुणाने आम्ही हरलो, आणि तो एक गुण माझ्या उठण्यात गेला हे मैदानावरच्या प्रत्येकाने पाहिले होते.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. सर माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी वही उघडली. पहिल्या आक्रमणाचे पान काढले आणि म्हणाले, “गोल मोज.” मी मोजले. एकशे चार खोंपैकी एकतीस गोल होते. एक लवकर दिलेला खो किती वेळ खातो, असे त्यांनी विचारले. उठायचे, रिकामी बाजू पाहायची, पुन्हा खो द्यायचा, म्हणजे तीन सेकंद धरू. एकतीस त्रिक त्र्याण्णव. मग त्यांनी नऊ मिनिटांचे पाचशे चाळीस सेकंद केले, त्याला बाद झालेल्या पाच गड्यांनी भागायला लावले. एकशे आठ आले. “एका गड्याला आपल्याला एकशे आठ सेकंद लागले आणि त्र्याण्णव सेकंद आपण रिकाम्या बाजूला उभे राहण्यात घालवले. तो गुण तिथे गेला. तू उठलीस तो नियमभंगच होता, तो चुकीचाच होता, पण हरलो ते नऊ जणींच्या एकतीस चुकांनी. त्यात तुझे गोल चार आहेत. तेवढेच तुझे.” एवढे बोलून ते पुढच्या बाकावर झोपलेल्या मुलींच्या अंगावर शाल टाकायला उठले.

आज मी स्वतः एका बँकेत तीस जणांच्या शाखेची जबाबदारी सांभाळते. एखादी गोष्ट बिघडते तेव्हा शेवटचा हात ज्याचा लागला त्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात, तेव्हा मला ती एसटी आठवते. मी पहिल्या आक्रमणाचे पान मागते.

पुढच्या वर्षीच्या संघाची वहीही मी पाहिली आहे. जिल्हास्तरीय अंतिम सामन्यात त्यांच्या पहिल्या आक्रमणात एकोणीस गोल होते, आणि त्या विभागीय स्पर्धेला गेल्या. त्या सामन्यात जिंकणाऱ्या नऊ जणींपैकी पाच जणी आमच्या पराभवाच्या दिवशी मैदानाबाहेर बसून वही कशी लिहितात ते पाहत होत्या.

सरांना सगळे जमले असे मी म्हणणार नाही, आणि त्यांनाही ते आवडणार नाही. दहावीनंतर बहुतेक मुलींचा खेळ सुटला. तालुक्याच्या कॉलेजात संघ नव्हता, लग्ने झाली, आणि सरांच्या हाती त्यावर इलाज नव्हता. मोठ्या स्पर्धा मातीवरून मॅटवर गेल्या, तेव्हा आमच्या मुलांची अडचण झाली. मातीवर अनवाणी घसरणारे पाय मॅटवर बुटांत अडखळतात, वळताना पाय रुततो आणि घोट्यावर ताण येतो, मातीत छातीवर सहज घसरणारा सूर मॅटवर कातडी भाजून काढतो. सरांनी वयाच्या पन्नाशीनंतर हे सगळे नव्याने शिकून घेतले. सुट्टीत स्वखर्चाने शिबिरांना जाऊन बसले. शाळेकडे मॅट नसल्यामुळे त्यांनी सभागृहाच्या फरशीवर सतरंज्या टाकून निदान बूट घालून वळण्याचा सराव घेतला. तो अपुराच होता. मॅटवरच्या सामन्यांत आमचा संघ पहिल्या डावात मागे पडतो हे अलीकडच्या वह्यांत स्पष्ट दिसते.

यंदा १९ जानेवारीला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले आणि मुलांनीही नेपाळलाच ५४-३६ असे. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. त्या संध्याकाळी आम्ही जवळपास राहणारे वीस-बावीस जण सरांच्या घरी दूरदर्शन संचासमोर जमलो होतो. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि सर मांडीवर वही घेऊन बसले होते. मुलींचा सामना संपल्यावर कोणीतरी विचारले, सर, किती गोल? ते म्हणाले, “कॅमेरा सारखा हलतो, सगळे दिसत नाहीत. दिसले त्यात फार थोडे.” मग चष्मा काढून त्यांनी बराच वेळ पुसला.

सर, हे पत्र मंडळाला लिहिले असले तरी तुम्ही ते वाचालच, म्हणून दोन ओळी तुमच्यासाठी. निरोप समारंभात तुमच्या पाया पडायला रांग लागली होती आणि तुम्ही प्रत्येकाला त्याचा चौक सांगत होता, तू तिसरा, तू सातवी, तू खांबावरची. पस्तीस वर्षांतली सगळी मुले तुम्हाला चौकाने आठवतात. मी पाचवी होते. तुम्ही माझ्या मुलीकडे पाहून तिला बसायला सांगितलेत आणि खिशातून कागदाचा कपटा काढलात. तिची टाच टेकली नाही. त्या क्षणी मला जे वाटले ते व्यासपीठावरून सांगता आले नाही, येथेही सांगता येत नाही. आमच्या सकाळी तुम्ही घडवल्यात, सर. आम्ही तुमचे ऋणी आहोत आणि ऋणातच राहू.

मा. सदस्यहो, आता आमचे आपल्याकडे मागणे. सरांच्या जागी नवीन शिक्षकांची नेमणूक होण्यास वेळ लागू शकतो, हे आम्ही जाणतो. तो निर्णय सर्वस्वी आपल्या हाती नसतो. परंतु मैदान तोपर्यंत थांबत नाही. लाल मातीच्या मैदानाला एक पावसाळा कोणी पाहिले नाही तर वरची बारीक माती ओढ्याकडे वाहून जाते, गवत मुळे धरते आणि खालचा मुरूम उघडा पडतो. असे मैदान पुन्हा खेळण्याजोगे करायला दोन उन्हाळे जातात. गेल्या दोन वर्षांत कार्यक्रमांच्या मंडपांसाठी त्यावर खड्डे घेतले गेले आणि वाहने उभी राहिली. ते खड्डे बुजवले तरी तिथली माती बसायला वेळ लागतो आणि नेमका तिथेच पाय मुरगळतो. म्हणून आमची विनंती आहे की, २७ बाय १६ मीटरची ती जागा आणि तिच्या चारही बाजूंची तीन मीटरची पट्टी मंडप आणि वाहनांसाठी वापरू नये, असा ठराव मंडळाने करावा. शाळेच्या पुढच्या बाजूला कार्यक्रमांपुरती जागा आहे, ती आम्ही मोजून पाहिली आहे.

दुसरे म्हणजे, सरांच्या पस्तीस वह्या त्यांनी शाळेला देण्याची तयारी दर्शवली आहे. त्या कपाटात बंद होऊ नयेत. ग्रंथालयात त्यांना एक फळी मिळावी आणि नव्या शिक्षकांना व खेळणाऱ्या मुलांना त्या हाताळता याव्यात. सुरुवातीच्या दहा वह्यांचा कागद पिवळा पडला आहे. त्यांची बांधणी करून घेण्याचा खर्च १९९८ आणि १९९९ च्या संघांनी उचलला आहे.

नवीन शिक्षक येईपर्यंत सकाळचा सराव बंद पडू नये, यासाठी गावात राहणारे आमच्यापैकी चौघे जण आळीपाळीने पावणेसहाला मैदानावर येण्यास तयार आहेत. त्यांपैकी दोघांकडे पंच परीक्षेचे प्रमाणपत्र आहे. मुलींच्या सरावाला दोन माजी खेळाडू स्त्रिया रोज हजर राहतील. मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली आणि शाळेच्या नियमांप्रमाणेच हे चालेल. त्यासाठी आपली लेखी परवानगी हवी आहे.

मृग साधारण ७ जूनच्या सुमारास निघतो. त्याच्या आधी मैदानावर नवी चाळलेली माती टाकून रोलर फिरवला गेला पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात जुना थर जाईल. दोन ब्रास लाल माती आम्ही वर्गणीतून आणली आहे आणि ती शाळेच्या कुंपणाबाहेर ताडपत्रीखाली झाकून ठेवली आहे. चाळण्या, फावडी आणि घमेली आमच्याकडे आहेत. रोलर मात्र शाळेच्या खोलीत कुलूपबंद आहे. १ जूनच्या रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही साठ-पासष्ट जण फाटकाशी येत आहोत, तेव्हा त्या खोलीची किल्ली शिपाईमामांकडे ठेवण्यास सांगावे, ही विनंती. सरही येणार आहेत. पाणी किती मारायचे ते त्यांनीच अंगठ्याने पाहायचे आहे.

आपली विश्वासू,
सर्व माजी खेळाडू विद्यार्थ्यांच्या वतीने,
सन १९९८ च्या मुलींच्या संघाची कर्णधार, चौक क्रमांक पाच